इंद्रभान मेकॅनिक आणि लाल शालू

आमच्या मेडशीत इंद्रभानइतका हेकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी बबनराव, एसटीतला रिटायर कंडक्टर. उभ्या जन्मात हेकट माणसांशीच हुज्जत घातली, तेव्हा मला त्यातलं कळतं. इंद्रभानच्या दुकानात कुणी टीव्ही घेऊन आला आणि ‘याले असं झालं, तसं झालं’ सांगू लागला, की हा हात वर करायचा. "तुमी नोका सांगू. थो सांगते मले." आणि पहिल्यांदा काय करायचा, तर मागचं झाकण उघडायचा. दुखणं काहीही असो, झाकण आधी.

सत्तरच्या दशकात हा अकोल्याला एका रेडिओच्या दुकानात राहून काम शिकला. तिथून परत आला तेव्हा गावात रेडिओच मुळी चार घरांत. पण याची ऐट अशी, की जणू आकाशवाणी यानंच काढली. पुढे टीव्ही आले. याच्या हाताला तेही लागले. लोकांच्या टिनांच्या छपरांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आता?" खालून अख्खं घर ओरडायचं, "आला, आला!" त्या काळात त्याला लग्नात पाहुण्यांच्या आधी पंगतीत बसवत. एवढा मान गावात फक्त कंपाउंडरला होता, आणि तोही सुई टोचायचा म्हणून.

शांतीलाल शेटजींचा टीव्ही त्यानंच अकोल्याहून आणला. माझ्याच गाडीनं. पोत्यागोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, खाली ठेव, तर म्हणतो, "तुमी घंटी वाजवा." शेटजींचं कापडाचं दुकान, माझ्या घराला लागून. त्यांच्या बायको हीराबाई. लेकरांत शेवटची सोनल, आम्ही सोनी म्हणायचो. ही पोरगी लहानपणी इंद्रभानच्या दुकानात जाऊन बसायची आणि फुटक्या स्पीकरच्या लोहचुंबकाला खिळे चिकटवत राहायची. तिला मात्र हा कधी ओरडला नाही. याला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको भागिरथा लवकर गेली. त्याचं जे काही माणूसपण होतं ते त्या पोरीपाशी निघायचं, आमच्या वाट्याला नुसता खेकसा.

मग भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले आणि इंद्रभानचं दुकान बसलं. लोक जुने टीव्ही भंगारात देऊ लागले. चांगला चालता टीव्ही भंगारवाल्याच्या गाडीवर पाहिला की त्याचं दिवसभर जेवण जायचं नाही. हीराबाईंनी मात्र तो जुना टीव्ही ठेवला. म्हणायच्या, "इंदरभाऊच्या हातचा आहे, चालू द्या." पुढे सरकारचा हुकूम निघाला, की डब्याशिवाय केबल दिसणार नाही. केबलवाला भाऊसिंग घरोघर सेट-टॉप बॉक्स लावून गेला. शेटजींच्या टीव्हीलाही लावला, पिवळी वायर पिवळ्या भोकात घातली, चित्र रंगीत आलं. इंद्रभान शेजारी उभा राहून पाहत होता. "हे डबडं काय कामाचं," एवढंच बोलला आणि निघून गेला. त्या डब्याला त्यानं त्यानंतर कधी हात लावला नाही. खरं सांगू? त्याला त्याची भीती वाटत होती. त्याला झाकण नव्हतं ना उघडायला.

आता सोनीचं सांगतो. सोनी शिकली, नोकरीला लागली, स्थळं येऊ लागली, आणि एका चातुर्मासात जैन महाराजांच्या प्रवचनाला बसता बसता तिनं घरी येऊन सांगितलं, मी दीक्षा घेणार. शेटजी महिनाभर दुकानात धड बोलले नाहीत. हीराबाई रडल्या, समजावलं, रागावल्या, शेवटी रजा दिली. आईबापाची रजा असल्याशिवाय दीक्षा होत नाही. माझ्यासारख्या अडाण्याला तेव्हा कळलं, की दीक्षा झाली म्हणजे पोरगी घरी येत नाही. सणावाराला नाही, आईच्या आजारपणालाही नाही. भेटली तर आईनंच वाकून वंदन करायचं आणि तिला नावानं हाक मारायची नाही. नावही नवं मिळतं.

दीक्षेच्या दिवशी मात्र पोरीला नवरीसारखी सजवतात. वरघोडा काढतात, म्हणजे वरात. दागिने, मेंदी, सगळं. मग गुरूंच्या हातून रजोहरण, म्हणजे लोकरीचा कुंचा, घेतलं, की ती आत जाते, केस जातात, दागिने उतरतात आणि पांढऱ्या वस्त्रात बाहेर येते. सोनीनं वरघोड्यासाठी हीराबाईंचा लग्नातला लाल शालू मागून घेतला. आईलेकींनी तो दुपारभर अंगणात उन्हाला टाकला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या ओट्यापर्यंत येत होता.

कार्यक्रम राजस्थानात होता. निघायच्या आठवड्यात हीराबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं, हलवायचं नाही. शेटजी आणि मुलगा सोनीला घेऊन गेले. जाऊ नको म्हणून कोण कुणाला सांगणार? मुहूर्त काही हाडासाठी थांबत नाही. जाताना सोनी आईच्या पलंगापाशी बसून राहिली, आणि मग इंद्रभानच्या दुकानात गेली. "काका, टीव्हीवर दाखवणार आहेत. आईले नीट दिसलं पाहिजे. तुमी बसा तिच्यापाशी." हा म्हणाला, "जा तू. ते माह्यावर." दारापर्यंत आला नाही, पाठमोराच काहीतरी घासत राहिला.

हीराबाईंची एकच इच्छा उरली होती. मला दहादा बोलून दाखवली. "बबनराव, तिले एकदा त्या लाल शालूत पाहू द्या मले. पाठवताना हातानं नेसवता नाही आला. एकदा पाहिली की मंग गेली तं गेली." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्यानं अंधूक दिसायचं. म्हणून पलंग टीव्हीच्या अगदी जवळ लावला. घरात मोबाईलला रेंज नव्हती, बोलायचं तर अंगणाच्या टोकाला जावं लागे, त्यावर काही पाहण्याची सोयच नाही. टीव्ही हाच काय तो मार्ग.

दीक्षेच्या दिवशी सकाळी घर धुऊन काढलं. घरी मंगल आहे म्हणून हीराबाईंनी पडल्या पडल्या पंचफुलाला फर्मावलं, सगळं पूस. पंचफुला त्यांच्या सेवेला ठेवलेली बाई, कामाला वाघीण. तिनं देव्हारा पुसला, टीव्ही पुसला, डबा पुसला, आणि चालू डब्याचा रिमोटही ओल्या फडक्यानं बटणाबटणांतून घासून पुसला. मग फडकं पिळायला गेली. मी आणि इंद्रभान आलो तेव्हा टीव्हीवर चित्र खालून वर, खालून वर धावत होतं. थांबायचं नाव नाही. आणि काळं-पांढरं. मंडपाच्या झालरी, माणसांची डोकी, सगळं एकावर एक घसरत चाललेलं. आवाज मात्र स्वच्छ. ढोल वाजत होते.

"इंदरभाऊ," हीराबाई म्हणाल्या, "हे काय होऊन राह्यलं?"

"काही नाही बाई. होल्ड सुटला."

मी म्हटलं, "माझ्या घरचा टीव्ही काढून आणतो. भिंतीवरून उतरवाचा, वायर इकडची तिकडे, झालं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या चुलीत पाणी ओतलं. "माह्या हातानं लावलेला टीव्ही आहे हा. तुमी कंडक्टरकी करा." हीराबाईही म्हणाल्या, राहू द्या, इंदरभाऊ करतील. मग मी कोण?

झाकण उघडलं. त्याची काहीच चूक म्हणता येत नव्हती, आयुष्यभर चित्र फिरलं म्हणजे होल्ड, हेच त्यानं पाहिलं होतं. आत एक लहानशी फिरकी असते, तिच्यावर चित्राचं थांबणं अवलंबून. ती त्यानं पेचकसानं हळू फिरवली. चित्र धडपडलं, मंद झालं आणि थांबलं. हीराबाईंनी हात जोडले. वरघोडा निघाला होता. उघड्या बग्गीत बसलेली सोनी दिसली, दोन्ही हातांनी तांदूळ उधळत होती. पण काळी-पांढरी. शालू करडा, कपाळ करडं. आणि चित्र जरा दबलेलं, वर-खाली काळ्या पट्ट्या.

"शालू लाल दिसून राह्यला का हो?" त्यांनी मला विचारलं. त्यांना वाटलं, आपलीच नजर.

मी काही बोलायच्या आत इंद्रभान म्हणाला, "आणतो ना रंग. थांबा."

रंगाचं काम वेगळं. टीव्हीत रंग ओळखायला एक क्रिस्टल असतो, तांब्याच्या पायांचा इवलासा डबा. तो गेला की चित्र काळं-पांढरं होतं, हे खरंच आहे. इंद्रभान दुकानात पळाला, एका भंगार टीव्हीतला क्रिस्टल काढून आणला. टीव्ही बंद केला, जुना काढून नवा शिशाची डाक मारून बसवला, चालू केला. काळं-पांढरंच. आता त्याच्या मानेवर घाम दिसू लागला.

मी गुपचूप अंगणाच्या टोकाला जाऊन भाऊसिंगला फोन लावला. तो म्हणाला, "काका, पहिले रिमोटवर पाहा. खालच्या कोपऱ्यात पी-एन लिहिलेलं बटण आहे. कोनीतरी दाबलं असन. डबा दुसऱ्या देशाच्या पद्धतीनं चित्र देऊन राह्यला. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, त्याले ते एनटीएससी झेपत नाही. फिरते नाही तं रंग जाते. एकदा दाबा, ठीक होते." मी आत येऊन सांगितलं. इंद्रभाननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मीच रिमोट उचलला आणि बटण दाबलं.

चित्र पुन्हा धावू लागलं. आणि रंग नाही तो नाहीच.

"पाह्यलं?" इंद्रभान कडाडला. "डोकं आहे का तुमाले? जमवलेलं बिघडवता. ठेवा थो रिमोट!" मी घाबरून तेच बटण पुन्हा दाबलं. चित्र थांबलं. काळं-पांढरं, दबकं, पण थांबलं. मीही त्या वेळी मनात भाऊसिंगला शिव्या घातल्या. पोरगा काहीतरी फेकतो म्हटलं.

वरघोडा मंडपात शिरला. सोनी पायऱ्या चढून गुरूंच्या समोर उभी राहिली. निवेदक सांगत होता, मुमुक्षू भगिनींनी आईचा लग्नातला शालू परिधान केला आहे. लाखो लोकांना तो लाल दिसत असणार. फक्त ज्या बाईचा तो होता तिला नाही. हीराबाई डोळे बारीक करून पाहत होत्या आणि अंगठ्यानं पांघरुणाची किनार चोळत होत्या. "सोनी बारीक झाली," एवढंच म्हणाल्या.

इंद्रभान मागे वाकून बसलेला. तो एकदम थबकला. मला खुणेनं बोलावलं आणि पेचकसाच्या टोकानं ती होल्डची फिरकी दाखवली. तिच्यावर लाल लाखेचा ठिपका होता, कंपनीनं लावलेला. तो आत्ता तुटला होता. यानंच तोडला होता.

"बबनराव," तो माझ्या कानाशी म्हणाला, "हे सील सकाळपर्यंत शाबूत होतं. फिरकी हललीच नव्हती. मंग होल्ड सुटन कसा?" त्याचा आवाज फाटला. "बाहेरूनच चुकीचं येऊन राह्यलं होतं. म्या टीव्हीले त्या चुकीच्या मापात बसवलं. म्हणून तुमी बरोबर बटण दाबलं तवा थो फिरला."

"आणि रंग?"

"रंगाचा आपला क्रिस्टल चांगलाच होता. म्या काढून मेलेला बसवला."

चार शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण त्याचं तोंड पाहून गिळल्या. त्यानं फिरकी लाखेच्या तुटक्या कडांशी जुळवून मूळ जागी आणली. चित्र धावू लागलं. मग स्वतः रिमोट घेतला, पहिल्यांदाच, आणि ते बटण दाबलं. चित्र थांबलं. पूर्ण, पडदाभर, पट्ट्या गेल्या. फक्त रंग नव्हता. त्यासाठी टीव्ही बंद करून जुना क्रिस्टल परत बसवायला हवा होता.

पडद्यावर गुरूंनी रजोहरण हातात घेतलं होतं. लोक उभे राहत होते.

इंद्रभान पलंगाशी आला. "बाई, थोडा वेळ बंद कराव लागते. मंग रंग येते. नक्की येते. करू का? नाही तं असाच पाहा."

मी मध्ये पडायला हवं होतं, असं लोक म्हणतात. पडून काय सांगणार होतो? समोर काळी-पांढरी का होईना सोनी उभी होती. आणि रंग अगदी हाताशी होता. हीराबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे. "करा," त्या म्हणाल्या. "लालच पाहाची आहे मले."

त्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला, ढोल थांबले. डाकेची सळई तापायला लावली, तर दिव्याचा उजेड पिवळा पडलेला, आमच्याकडे लाईट असते पण दम नसतो. सळई काही केल्या तापेना. तो तिच्यावर थुंकून पाहायचा, चर्र होत नव्हतं. पंचफुला दारात पदर तोंडाला लावून उभी. हीराबाई काळ्या पडद्याकडेच पाहत होत्या, मान वळवत नव्हत्या. शेवटी डाक वितळली. ज्या हातांनी तो डोळे मिटून वायर जोडायचा त्या हातांना आज जमेना. क्रिस्टलचा एक पाय बसायचा, दुसरा निसटायचा. मी म्हटलं, धरू का, तर नुसती मान हलवली.

टीव्ही चालू झाला.

रंग आले. असे आले, की काय सांगू. केशरी झालरी, हिरव्या पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा, गालिचा लालभडक. चित्र हलत नव्हतं. इतकं सुंदर चित्र त्या टीव्हीवर मी कधी पाहिलं नव्हतं. मंच रिकामा होता, लोक कशाची तरी वाट पाहत होते. हीराबाई कोपरावर उठायला लागल्या, पंचफुलानं धरलं. "आता येईन," त्या म्हणाल्या, "आता दिसन."

आणि सोनी आली. साध्वींच्या मधून चालत, डोईवरून पांढरं वस्त्र घेतलेली, काखेत रजोहरण. पायाच्या बोटांपर्यंत पांढरी. शालू, मेंदीचे हात, केस, सगळं आमचा पडदा काळा होता तेव्हा होऊन गेलं होतं. मंडपात जयजयकार झाला.

हीराबाई बराच वेळ पाहत राहिल्या. तो एक अंधूक डोळा सोनीवर, आजूबाजूला कुठेच नाही. मग हळूच म्हणाल्या, "इंदरभाऊ, अजून रंग नाही आला ना हो. शालू पांढराच दिसून राह्यला."

इंद्रभान पेचकस हातात घेऊन उभा होता. लाल गालिच्याचा उजेड त्याच्या सदऱ्यावर पडला होता. मला वाटलं, आता हा सांगेल. त्याला खोटं बोलता येत नसे, खास करून मशीनच्या बाबतीत.

"नाही आला बाई," तो म्हणाला. "नाही जमलं मले."

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि पडल्या.